अर्जातील शब्द आणि यंत्राचे वाचन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बुलढाणा येथे तरुण सभासदांपुढे केलेले भाषण)

कार्यवाहांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा "नोकरीचा अर्ज" एवढाच विषय दिला होता. विषय जुनाच आहे. याच व्यासपीठावरून पूर्वीच्या वक्त्यांनी अर्जाचा कागद कसा घडी करावा आणि खाली सही कशी ठळक करावी, हेही सांगितल्याचे मला स्मरते. परंतु आज अर्ज कागदावर जात नाही, तो ईमेलने जातो, आणि पुष्कळदा माणसाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी तो यंत्राच्या नोंदीत जमा होतो. हे यंत्र नेमके काय वाचते, आणि जाहिरातीतले शब्द आपल्या ईमेलमध्ये कोणत्या रीतीने आले म्हणजे ते यंत्रालाही सापडतात व पुढे वाचणाऱ्या माणसालाही खोटे वाटत नाहीत, एवढ्याच मुद्द्यावर मी बोलणार आहे. पुण्याकडील एका कारखान्याच्या नोकरभरती विभागात मी अनेक वर्षे काढली. तेव्हा हे जे सांगतो ते अर्ज करणाराच्या खुर्चीतून नव्हे, तर अर्ज शोधणाराच्या खुर्चीतून सांगत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या तरुणांत अशी समजूत पसरली आहे की, कंपनीत एक चाळणी बसविलेली असते, अर्ज तिच्यावर पडतो, ठरावीक शब्द असले तर वर राहतो आणि नसले तर खाली गळतो. क्वचित असे घडतेही. काही ठिकाणी अर्जाबरोबर प्रश्न विचारलेले असतात: पदवी आहे काय, इतक्या वर्षांचा अनुभव आहे काय, अमुक गावी येण्यास तयार आहात काय. तेथे "नाही" म्हटले की अर्ज आपोआप बाजूला पडतो, आणि मग ईमेलमध्ये कितीही शब्द पेरले तरी उपयोग नसतो. परंतु बहुतेक वेळी यंत्र कोणाला नाकारीत नाही. ते अर्ज साठवून ठेवते, काही ठिकाणी त्यांना कमी-अधिक गुण देऊन क्रम लावते, आणि भरती करणाऱ्या माणसाने शब्द टाकला की तो शब्द ज्यांत आहे ते अर्ज त्याच्यापुढे आणून ठेवते. बाकीचे अर्ज कोणी फेकलेले नसतात, ते कोणी मागितलेले नसतात इतकेच.

याची उपमा मला सात-बाराच्या उताऱ्याची सुचते. महाभूलेखवर तुम्ही जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक देता. गट क्रमांक चुकला तर उतारा मिळत नाही. म्हणून काय जमीन नाहीशी होते? जमीन जागच्या जागी असते, विहीर असते, बांधावरची बाभूळही असते. फक्त ज्या क्रमांकाने तुम्ही विचारले त्या क्रमांकाखाली ती नोंदलेली नसते. अर्जदाराचे कौशल्य आणि जाहिरातीतला शब्द यांचे नाते असेच असते.

मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. आमच्या कारखान्यात मोजमापाचे एक अत्यंत सूक्ष्म यंत्र होते. त्याचे पूर्ण नाव कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, आणि सर्वजण त्याला सीएमएम म्हणत. त्या यंत्रावर काम करणारा माणूस हवा होता. जमलेल्या तीनशे-साडेतीनशे अर्जांत मी `CMM` ही तीन अक्षरे टाकून शोध घेतला, नऊ अर्ज निघाले, त्यांतून आम्ही एक निवडला. पुढे दोन महिन्यांनी आमच्याच विभागप्रमुखांनी विचारले की, अमुक मनुष्याने अर्ज केला होता ना, त्याचे काय झाले? मी पाहिले तो अर्ज होता. त्या मनुष्याने या यंत्रावर चार वर्षे काम केले होते आणि अर्जात यंत्राचे पूर्ण नाव व्यवस्थित लिहिले होते. मात्र तीन अक्षरांचे संक्षिप्त नाव कोठेही नव्हते. काही नवी यंत्रणा पूर्ण नाव व संक्षेप एकच मानते. माझ्यापुढची मानीत नव्हती. दोष माझाच होता, कारण मी दोन्ही शब्द टाकून शोधावयास हवे होते. परंतु नुकसान त्याचे झाले. त्या दिवसापासून जो कोणी विचारील त्याला मी सांगतो की, संक्षिप्त नाव व पूर्ण नाव ही दोन्ही एकेकदा लिहावीत, आणि जाहिरातीत जे रूप असेल ते तर अवश्य असावे.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. चिखली तालुक्यातील आपलाच एक तरुण गेल्या वर्षी माझ्याकडे आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, खामगावच्या औद्योगिक वसाहतीत शेतीअवजारांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षे काम केलेले. चाकणच्या बाजूस मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांना त्याने चाळीसच्या वर ईमेल पाठविले होते. उत्तर एकाचेही नव्हते. घरी धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उभा होता, आणि वडिलांनी "पुरे आता, शेतीकडे पाहा" असे सांगून ठेवले होते.

त्याचा ईमेल मी पाहिला. तो इंग्रजीत होता आणि चार ओळींचा होता: मी कष्टाळू, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक आहे, मला संधी द्यावी, सोबत बायोडाटा जोडला आहे. हा ईमेल कोणत्याही कारखान्याला, किंबहुना कोणत्याही दुकानालाही पाठविता आला असता. नोकरभरतीच्या खुर्चीत बसून कोणी "कष्टाळू" हा शब्द टाकून शोध घेतल्याचे मी पाहिलेले नाही. शोध घेतला जातो तो नामांचा: जागेचे नाव, हत्याराचे नाव, पद्धतीचे नाव, पदवीचे नाव, गावाचे नाव. त्या जागेसाठी मी असतो तर माझा शोध साधारण असा असता:

```
"quality inspector" AND ("in-process" OR inprocess)
AND (micrometer OR vernier) AND diploma
```

अवतरणचिन्हांतले शब्द जसेच्या तसे एकत्र हवेत. `AND` म्हणजे हेही हवेच. `OR` म्हणजे यांतले एक तरी हवे. त्या चार ओळींच्या ईमेलमध्ये यांपैकी एकही शब्द नव्हता.

सोबतचा बायोडाटा तर त्याहून वाईट निघाला. तो गावातल्या दुकानात टाइप करून, छापून, मग त्याचा मोबाइलने फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली होती. डोळ्यांना अक्षरे दिसत होती, पण यंत्राच्या लेखी ते एक चित्र होते. काही यंत्रणा चित्रातली अक्षरे ओळखतात, सर्व ओळखत नाहीत, आणि ओळखल्या तरी चुका होतात. याची परीक्षा सोपी आहे. आपली पीडीएफ संगणकावर उघडावी, `Ctrl+F` दाबून आपल्याच बायोडाट्यातला एखादा शब्द शोधावा. तो सापडला नाही तर यंत्रालाही सापडणार नाही असे समजावे. मराठीत काही मजकूर असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी: श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या फॉण्टांत टाइप केलेली मराठी पडद्यावर सुरेख दिसते, परंतु यंत्र ती वाचू लागले की रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ हाती येतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा.

आणि त्या बायोडाट्यात होते काय? वडिलांचे संपूर्ण नाव, जन्मवेळ, उंची, धर्म, पोटजात, मामांचे गाव. हसू नका. आपल्याकडे बायोडाटा हा शब्द प्रथम लग्नाच्या संदर्भात कानावर पडतो, आणि मुले तोच नमुना नोकरीसाठी वापरतात. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक केंद्रात तो नमुना शोभतो. कारखान्याच्या अर्जात मात्र पोटजातीची यत्किंचितही गरज नाही, आणि ज्या जागेत हत्याराचे नाव यावयाचे ती जागा मामांच्या गावाने व्यापलेली असते.

मग मी त्याला जाहिरात छापून आणावयास सांगितली. जाहिरात इंग्रजीत, दोनशे शब्दांच्या आसपास होती. जागेचे नाव "क्वालिटी इन्स्पेक्टर, इन-प्रोसेस". आम्ही पेन्सिल घेऊन शब्दांखाली रेघा ओढल्या. जे शब्द जागेच्या नावात आहेत, जे दोनदा आले आहेत, किंवा ज्यांच्यापूर्वी "आवश्यक" असे म्हटले आहे, त्यांच्याखाली दोन रेघा. "असल्यास उत्तम" असे म्हटलेल्यांखाली एक रेघ. आणि उत्साही, गतिमान, मिळूनमिसळून वागणारा असल्या विशेषणांवर काट. दोन रेघांचे शब्द निघाले ते असे: इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, व्हर्निअर कॅलिपर, मायक्रोमीटर, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, रिजेक्शन ॲनालिसिस, कॅलिब्रेशन, आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा. एका रेघेचे: आयएटीएफ १६९४९, पीपीएपी आणि जीडी अँड टी.

यानंतरचे काम पेन्सिलीने होण्यासारखे नव्हते. प्रत्येक शब्दापुढे मी त्याला विचारले की, हे तू केले आहेस काय? पहिल्याच शब्दाला तो म्हणाला, "नाही काका, मी तं निस्तं माप घेत होतो." मी म्हटले, माप कसे घेत होतास ते सांग. तो सांगू लागला. लेथवर शाफ्ट व बुश तयार होत असत. दर दोन तासांनी तो प्रत्येक लेथपाशी जाई, पाच नग उचली, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पाही आणि वहीत लिही. व्यास जेथे काटेकोर असेल तेथे मायक्रोमीटर, इतरत्र व्हर्निअर. माल तयार होत असतानाच मधूनमधून तपासणे, यालाच कारखान्याच्या भाषेत इन-प्रोसेस इन्स्पेक्शन म्हणतात. दोन वर्षे तो हेच करीत होता, आणि हे त्याचे नाव आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्यातील मुलांचे खरे नुकसान येथे होते असे माझे मत आहे. लहान कारखान्यात काम होते पण कामाला नाव नसते. तेथे म्हणतात "माप घे", "खराब माल वेगळा काढ", "साहेबांना सांग". मोठ्या कारखान्याच्या जाहिरातीत त्याच कामांना लांब इंग्रजी नावे असतात. मुलगा ती वाचतो आणि हे आपल्याला येत नाही असे समजून घेतो, किंवा येत नसलेलेही येते म्हणून लिहितो. दोन्हींवर उपाय एकच: प्रथम आपण प्रत्यक्ष काय केले ते साध्या मराठीत सांगावे, आणि मग जाहिरातीतले कोणते नाव त्या कामाला बसते ते जाणत्या माणसाला विचारावे.

रिजेक्शन ॲनालिसिसचेही तसेच झाले. नाकारलेले नग तो संध्याकाळी मोजी आणि कारण लिही. काही आठवड्यांनी त्याच्या ध्यानात आले की, एका विशिष्ट लेथवरचे बुशचे भोक पाळीच्या शेवटी मापाबाहेर जाते. त्याने सुपरवायझरला दाखविले. कापणारी टिप झिजत होती. ती दोनशे नगांनंतर बदलीत, ती दीडशे नगांनंतर बदलू लागले. त्या लेथवरचे नाकारलेले नग दिवसाला बाराच्या आसपास होते ते पाचांवर आले. हे सारे त्याच्या वहीत तारखेसह होते! ईमेलमध्ये मात्र "कष्टाळू".

कॅलिब्रेशनपाशी आम्ही अडलो. उपकरणांची प्रमाणित मापांशी पडताळणी करणे, हे काम त्याने केले नव्हते. उपकरणे बाहेरच्या प्रयोगशाळेत जात. तो रोज सकाळी मायक्रोमीटरचे शून्य बरोबर आहे काय ते पाही, आणि कोणते उपकरण कधी पाठवावयाचे त्या तारखांची वही सांभाळी. शब्द तर जाहिरातीत दोन रेघांचा. मग काय करावे? "कॅलिब्रेशन येते" असे लिहिले असते तर ते असत्य झाले असते. आम्ही लिहिले की, उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या तारखांची नोंद ठेवतो व रोज शून्यदोष तपासतो. शब्द आला, आणि त्याच्या दोहों बाजूंना त्याची मर्यादाही आली.

आयएटीएफ १६९४९ हे मोटारउद्योगासाठी असलेले गुणवत्ता-व्यवस्थेचे प्रमाण आहे. २०१६ साली ते आले आणि त्याने आयएसओ/टीएस १६९४९ या पूर्वीच्या प्रमाणाची जागा घेतली. खामगावच्या त्या कारखान्याला हे प्रमाणपत्र नव्हते, आयएसओ ९००१ होते. दोन्ही गुणवत्तेचीच म्हणून एकाच्या जागी दुसरे लिहिणे ही चूक पुष्कळजण करतात, आणि या क्षेत्रातला माणूस ती तत्काळ ओळखतो. त्याहून हास्यास्पद चूक म्हणजे "मी आयएसओ ९००१ प्रमाणित आहे" असे लिहिणे. ते प्रमाणपत्र कारखान्याच्या व्यवस्थेला मिळते, कामगाराला नव्हे. म्हणून "आयएसओ ९००१ प्रमाणित कारखान्यात काम करतो" असे लिहिले, आणि टाइप करताना जाहिरातीतल्याप्रमाणे मध्ये जागा सोडून `ISO 9001` असे केले. पीपीएपी व जीडी अँड टी त्याला येत नव्हते. ते आम्ही गाळले. "असल्यास उत्तम" या सदरातल्या दोन शब्दांवाचून अर्ज बुडत नाही.

ईमेलची विषयाची ओळ प्रथम घेतली. पूर्वी तो तेथे नुसते "अर्ज" किंवा "नोकरीबाबत" असे लिही. एका दिवसात शेकडो ईमेल येणाऱ्या पेटीत असा ईमेल पुन्हा सापडणे कठीण. आम्ही लिहिले:

```
Application: Quality Inspector (In-process), Chakan - Diploma Mechanical, 2 years
```

जागेचे नाव जाहिरातीतल्याप्रमाणे जसेच्या तसे. येथे एक भेद ध्यानात ठेवा. ज्या जागेसाठी अर्ज करतो तिचे नाव विषयाच्या ओळीत द्यावे. परंतु पूर्वीच्या कारखान्यात आपला जो हुद्दा होता तो बदलू नये. त्याच्या नेमणूकपत्रावर "ट्रेनी" असे होते, तेव्हा बायोडाट्यातही "ट्रेनी, क्वालिटी विभाग" असेच राहिले. पूर्वीच्या कारखान्याकडे चौकशी होते, आणि हुद्दा फुगविलेला आढळला तर झालेली निवडही रद्द होते.

ईमेलचा मजकूर इंग्रजीत होता. येथे मराठी करून सांगतो. जाहिरातीतले शब्द मात्र आहेत तसे ठेवतो.

"महोदय, आपल्या चाकण येथील कारखान्यातील क्वालिटी इन्स्पेक्टर, इन-प्रोसेस या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला असून गेली दोन वर्षे खामगाव येथील एका आयएसओ ९००१ प्रमाणित कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. शाफ्ट व बुश यांचे इन-प्रोसेस इन्स्पेक्शन माझ्याकडे आहे: दर दोन तासांनी प्रत्येक लेथवरील पाच नग इंजिनिअरिंग ड्रॉइंगशी ताडून व्हर्निअर कॅलिपर व मायक्रोमीटर यांनी तपासतो व नोंदवितो. रोजच्या रिजेक्शन ॲनालिसिसमधून एका लेथवरील टिप लवकर झिजत असल्याचे दिसले; ती बदलण्याचा अवधी कमी केल्यावर तेथील नाकारलेले नग दिवसाला सुमारे बारांवरून पाचांवर आले. उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या तारखांची नोंद ठेवतो व रोज त्यांचा शून्यदोष तपासतो. चाकण, पुणे येथे राहावयास व पाळ्यांत काम करावयास तयार आहे. बायोडाटा सोबत आहे."

झाले. इतकाच ईमेल. जाहिरातीतले दोन रेघांचे सर्व शब्द यात आले, बहुतेक एकेकदाच, आणि प्रत्येक शब्द कोणत्या तरी केलेल्या कामाला बांधलेला आहे. तोच शब्द चार वेळा लिहून शोधणाऱ्याच्या हाती काही अधिक येत नाही; एकदा असला तरी अर्ज सापडतो. गुण देणारी यंत्रणा असली तरी पुढे माणूस वाचणारच आहे. हेच शब्द बायोडाट्यातही आले पाहिजेत, कारण काही यंत्रणा फक्त जोडलेली फाइल वाचतात आणि ईमेलचा मजकूर बाजूला टिपण म्हणून ठेवतात. काही ठिकाणी याच्या उलट, भरती करणारा आपल्या ईमेलच्या पेटीतच शोध घेतो. कोणत्या कारखान्यात कोणती रीत आहे ते बाहेरून कळत नाही.

गावाचे नावही शोधाचा शब्द असतो, हे आपल्या जिल्ह्याच्या माणसाने विसरू नये. अर्जदार पुण्याजवळचा हवा म्हणून "पुणे" हा शब्द टाकणारे पुष्कळ असतात, आणि नुसते "जिल्हा बुलढाणा" लिहिणारा त्यांना दिसत नाही. म्हणून तयार असल्यास तसे नाव घेऊन लिहावे. आपल्या जिल्ह्याचे नाव इंग्रजीत `Buldhana` व `Buldana` असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. निदान एका अर्जात तरी ते एकाच रीतीने असावे. जवळचे औरंगाबाद २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, परंतु शोधणारा मनुष्य सवयीने जुने नाव टाकण्याचा संभव आहे. वाळूज भागातल्या जागेसाठी अर्ज करताना नवे नाव द्यावे आणि जुने एकदा ओघात येऊ द्यावे.

आता शब्द कोंबण्याविषयी. मला आलेल्या अर्जांत ईमेलच्या शेवटी तीसचाळीस शब्दांची माळ लावलेले अर्ज पुष्कळ असत. काहींनी तर आमचीच जाहिरात उतरवून काढलेली असे. त्यात "उमेदवाराने असावे" हे शब्दसुद्धा तसेच राहून जात! एक युक्ती अशीही प्रचारात आहे की, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लिहून ठेवावयाचे, म्हणजे माणसाला दिसत नाहीत पण यंत्राला दिसतात. ही युक्ती सांगणारांना एक गोष्ट ठाऊक नसते. अर्ज नोंदीत घेताना यंत्रणा त्यातला मजकूर साधा करून घेते, आणि तो साधा मजकूर पडद्यावर उघडला की पांढरे काय नि काळे काय, सर्व अक्षरे सारखीच दिसतात. तो लपविलेला गठ्ठा डोळ्यांपुढे उघडा पडतो, आणि मग त्या अर्जातले खरे शब्दही कोणी खरे मानीत नाही. मीही मानीत नसे.

साध्या माळेचेही तेच होते. शोधाच्या निकालात मिळालेला शब्द पुष्कळ ठिकाणी रंगवून, त्याच्या आजूबाजूच्या पाचदहा शब्दांसह दाखविला जातो. वाचणारा ती एक ओळ पाहून अर्ज उघडावा की नाही ते ठरवितो. "मायक्रोमीटर" या शब्दाच्या शेजारी "पाच नग दर दोन तासांनी" असे असले तर तो उघडतो. शेजारी आणखी दहा उपकरणांची नावे असली तर पुढच्या ओळीकडे जातो.

कोंबलेला शब्द कसा ओळखावा असे त्या तरुणाने मला विचारले. मी त्याला म्हटले, वाक्यातून तो शब्द काढून पाहा. काढल्यावर तुझ्या कामाचे वर्णन लंगडे झाले तर तो शब्द तेथला आहे. काहीच फरक पडला नाही तर तो उपरा आहे. आणि दुसरे असे की, त्या शब्दावर मुलाखतीत लागोपाठ तीन प्रश्न आले, काय केलेस, कशाने केलेस, किती केलेस, तर उत्तर आहे काय ते पाहा.

असे ईमेल त्याने जाहिराती पाहून सहा ठिकाणी पाठविले. सहाही वेगवेगळे, कारण प्रत्येक जाहिरातीतले शब्द थोडे निराळे होते. एकीत "इन-प्रोसेस" ऐवजी "लाइन इन्स्पेक्शन" होते, काम तेच. एका ईमेलला दीड तास लागे, आणि तो कुरकुरे, कारण पूर्वी दीड तासात वीस जात. सहांपैकी दोन ठिकाणांहून फोन आला. एका मुलाखतीत व्हर्निअर त्याच्या हातात देऊन त्याचे लघुतम माप विचारले, त्याने ०.०२ मिलिमीटर असे सांगितले आणि समोर ठेवलेला नग मोजून दाखविला. मग जीडी अँड टीविषयी विचारले. ते मी शिकलेलो नाही, ड्रॉइंगवरची मापे व त्यांची सूट एवढेच मला वाचता येते, असे त्याने सांगितले. "अर्जातही तू ते लिहिलेले नाहीस," असे म्हणून मुलाखत घेणाऱ्याने पुढचा प्रश्न घेतला. ती जागा त्याला मिळाली. दुसऱ्या ठिकाणी नाकारले, आणि उरलेल्या चारांनी काही कळविले नाही. त्या चारांचे कारण मला सांगता येणार नाही. जागा आतल्याच माणसाने भरली असेल, किंवा अर्ज पोहोचण्यापूर्वीच पुरेसे जमले असतील. जाहिरात निघाल्यापासून पहिल्या एकदोन दिवसांत अर्ज जाणे हे माझ्या अनुभवात शब्दांइतकेच महत्त्वाचे असे, कारण चाळीस योग्य अर्ज हाती आले की पुढचे उघडण्याची आम्हांला गरज पडत नसे.

हे उदाहरण कारखान्याचे झाले. आपल्या मुली हिशेबाच्या व कार्यालयीन कामासाठी अर्ज करतात. त्यांच्या जाहिरातींत टॅली, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन असे शब्द असतात. मेहकरच्या एका कृषी-सेवा केंद्रात तीन वर्षे खातेवही सांभाळलेली एक मुलगी आज सकाळीच मला भेटली. बँकेचे पासबुक आणि आपली वही दर महिन्याला जुळवून पाहते असे म्हणाली, आणि बँक रिकन्सिलिएशन येते का म्हणून विचारले तर मान हलवून नाही म्हणाली.

अध्यक्षांच्या अनुमतीने मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी बसणार आहे. येताना ज्या जागेसाठी अर्ज करावयाचा तिची जाहिरात छापून आणावी, बायोडाट्याची फाइल मोबाइलवर आणावी, आणि कामाची एखादी वही असेल तर ती अवश्य आणावी. पेन्सिल माझ्याकडे आहे.